‘दोन मांडे करपले, रशी उसनी’: आखाजीच्या फोटोओळीमागचं खापर

अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, पहिल्यांदाच सगळं ताट रांधणारे खान्देशी लोक फोटोखाली अशी ओळ लिहितात. ताटात आमरस, रशी म्हणजे कटाची आमटी, भात, कुरडई आणि भजी असतात. करपतो तो बहुधा मांडा, म्हणजे खापरावरची पुरणपोळी.

ही रीत फार जुनी. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त तापल्या खापरावर भाजायच्या ‘मंडका’चं वर्णन येतं. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथाही सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कथेतही अडचण खापराचीच, कारण ते मिळू दिलं नाही म्हणून पाठ तापवावी लागली.

खापर म्हणजे चुलीवर पालथं ठेवलेलं मातीचं भांडं. त्याचा माथा ज्योतीच्या थेट वर येतो, म्हणून तिथे ताव सर्वांत जास्त आणि कडेला कमी. खान्देशात कपाशी भरपूर, त्यामुळे चुलीत बऱ्याचदा पऱ्हाट्या असतात. त्या भपकन पेटतात आणि लवकर विझतात. म्हणून एकीने मांडा करायचा आणि दुसरीने जाळ सांभाळायचा. नवखी बाई दोन्ही एकटीने करू पाहते तिथेच पहिला मांडा जातो.

अर्धा किलो हरभऱ्याच्या डाळीला अर्धा किलो गूळ घेतला तर पाच-सहा मांडे होतात. कणीक बारीक चाळून, मीठ घालून सैल भिजवायची, तेल-पाण्याने मळत ताणायची आणि दोन तास झाकून ठेवायची. दोन छोट्या पाऱ्यांमध्ये पुरण भरून कडा दाबायच्या, थोडं लाटायचं आणि पुढे दोन्ही हातांवर फिरवत मोठं करायचं. पुरण कणकेइतकंच मऊ हवं. ते घट्ट राहिलं किंवा त्यात डाळीची एखादी कणी उरली, की ताणताना पारी नेमकी तिथे फाटते. मग गूळ खापरावर सांडतो, जळतो आणि पुढचा मांडाही त्याच डागाला चिकटतो. अशा वेळी नवा मांडा टाकू नये. जाळ ओढून घ्यावा, डाग खरवडून ओल्या फडक्याने पुसावा. पाण्याचा थेंब टाकताच तडतडून उडाला तर ताव बरोबर. एका बाजूला तांबूस ठिपके आले की उलटायचं.

‘रशी उसनी’ म्हणजे तिची रीत दुसऱ्याकडून घेतलेली. हे लिहिण्यात कमीपणा का वाटावा, हे आम्हाला कळत नाही. आखाजीला लेकी माहेरी येत, आईच्या शेजारी बसून बघत, आणि मापं मुठीत राहत. कागदावर कोणी लिहिलं नाही. रशीही तशीच: पुरणाच्या डाळीचा कट, चुलीत भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं आणि घरचा काळा मसाला. मसाला घरोघरी वेगळा, म्हणून तो मागून आणल्याशिवाय ती चव येत नाही. कट मात्र आपलाच लागतो. डाळ निथळताना तो ओतून दिला, तर उसनी रीत हाताशी असूनही रशी पाणचट होते.