कॉटरी, ओलं स्पिरिट आणि ऑक्सिजन: मशीन तपासणीला पाठवण्याआधी वाचा

"कॉटरी लावली आणि ड्रेपखाली भडका उडाला, मशीन बघून द्या." अशा निरोपासह मशीन आलं की आम्ही ते टेस्ट लोडवर लावतो, कट आणि कोॲगचं आउटपुट मोजतो, लीकेज करंट पाहतो. अशा वेळी मशीनमध्ये सहसा काहीच सापडत नाही. कोॲगमध्ये टोकापासून ऊतीपर्यंत ठिणगी उडतेच, रक्त तिच्यामुळेच थांबतं. तेव्हा प्रश्न ठिणगी का उडाली हा नसून तिला पेटवायला काय मिळालं, हा आहे.

बहुधा मिळतं ते न वाळलेलं स्पिरिट. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडिन यांची वाफ ओटीच्या नेहमीच्या तापमानालाही पेट घेण्याइतकी तयार होते. केस नसलेल्या त्वचेवर पेंटिंग झाल्यावर किमान ३ मिनिटं थांबावं लागतं. केसांत ते वाळायला एक तासही लागू शकतो. हे बहुतेकांना ठाऊक असतं. चूक होते ती मिनिटं मोजण्यात. पेंट केलं, लगेच ड्रेप टाकले, मग केबल जोडणं, सक्शन लावणं यात पाच मिनिटं गेली, म्हणजे वाळलंच असणार, असा हिशोब केला जातो. पण ड्रेप पडला की वाळणं जवळपास थांबतं आणि वाफ खालीच कोंडते. ३ मिनिटं मोजायची ती ड्रेप टाकण्याआधी, उघड्या त्वचेवर.

मानेच्या मागच्या गाठीचं उदाहरण घ्या. रुग्ण कुशीवर, लोकल भूल, थोडं सेडेशन, तोंडावर मास्क आणि ऑक्सिजन ६ लिटर. बाटलीतून गॉझवर सढळ हाताने स्पिरिट ओतलं. जास्तीचं ओघळून केसांच्या मुळाशी आणि खांद्याखालच्या चादरीत मुरलं. वरची त्वचा मिनिटाभरात कोरडी दिसली, ड्रेप पडले. मास्कच्या कडेने निसटणारा ऑक्सिजनही त्याच तंबूत साठत गेला. पहिल्या कोॲगला ज्वाला आली. अल्कोहोलची ज्वाला फिकट निळी असते, ओटी लाइटखाली ती दिसतच नाही. आधी कळतं ते 'फुस्स' आवाजाने, ड्रेप आकसल्याने किंवा रुग्ण भाजतंय म्हणाल्याने.

इथे काय बदलता आलं असतं? पेंटिंगआधी दोन्ही बाजूंना टॉवेल खोचायचे आणि ओघळ टिपून झाल्यावर ते ओटी टेबलवरून काढून टाकायचे. भिजलेली चादर बदलायची. डोकं-मानेला, केसांजवळ किंवा खोलगट जागी अल्कोहोलऐवजी पाण्यातलं पोव्हिडोन आयोडीन वापरता येतं. तेही वाळू द्यावं लागतं, पण ते पेटत नाही. स्पिरिटचा बाऊल आणि ओले गॉझ पेंटिंग संपताच ट्रॉलीवरून हलवायचे.

ऑक्सिजनचा निर्णय भूलतज्ज्ञांचा, आम्ही फक्त मशीनवाल्यांच्या बाजूने सांगतो. चेहरा, मान, छातीचा वरचा भाग इथे उघड्या मास्कमधून ३० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजन देत असताना कॉटरी नको. १ लिटर ऑक्सिजनमध्ये ९ लिटर हवा मिसळली की साधारण २९ टक्के होतं. त्याहून जास्त लागत असेल तर ट्यूब किंवा लॅरिंजियल मास्क घालण्याचा विचार व्हावा. प्रवाह कमी केल्यावर लगेच पेडल दाबू नका, किमान १ मिनिट जाऊ द्या आणि ड्रेप चेहऱ्यावरून उघडा ठेवा. 'फ्लेम रिटार्डंट' ड्रेपवर विसंबू नका, वाढीव ऑक्सिजनमध्ये तोही जळतो.

पेन्सिलबद्दल एकच आग्रह: हातात नसेल तेव्हा ती होल्स्टरमध्ये, ड्रेपवर नाही. चुकून पेडलवर पाय पडला तर टोक कशाला टेकलंय याला महत्त्व येतं. नव्या मशीनसोबत आम्ही होल्स्टर देतो, जुन्या ग्राहकांनी मागवून घ्यावा. चेहऱ्यावरच्या कामाला बायपोलर फोर्सेप्स असतील तर ठिणगी बरीच कमी होते, धोका शून्य मात्र होत नाही.

आग लागलीच तर भूलतज्ज्ञांनी ऑक्सिजन बंद करायचा आणि त्याच क्षणी सर्जनने ड्रेप रुग्णावरून ओढून खाली टाकायचे. वरून सलाईन ओतत बसू नका, ड्रेप पाणी आत जाऊ देत नाही आणि आग खाली असते. ड्रेप निघाल्यावर जळत्या जागेवर सलाईन. त्यासाठी ते बाऊलमध्ये आधीच ओतून ठेवलेलं हवं, सीलबंद बाटलीत नव्हे. खाली पडलेल्या ड्रेपसाठी कार्बन डायऑक्साइडचा एक्स्टिंग्विशर.

असं घडल्यावर मशीन जरूर पाठवा, आउटपुट रिपोर्ट आम्ही देतोच. सोबत पेन्सिल, केबल आणि पेशंट प्लेटही द्या, आणि एका चिठ्ठीवर चार गोष्टी: कोणतं सोल्युशन, पेंटिंग आणि ड्रेपिंगमध्ये किती मिनिटं, ऑक्सिजन किती लिटर, सेटिंग किती वॉट. यातलं दुसरं उत्तर मिळालं की तपासणीचे दोन दिवस अनेकदा वाचतात.