रिटचरच्या नोकरी-अर्जात संमतीचा परिच्छेद कुठून आला?

फोटो रिटचिंगच्या कामासाठी येणाऱ्या चांगल्या अर्जांमध्ये आता दोन गोष्टी एकत्र मांडलेल्या दिसतात. मजकूर साधारण असा असतो: "रेफरन्स फोटोंवरून कंपोझिट करण्याचा मला अनुभव आहे. वापरलेला प्रत्येक फोटो कोणी काढला, त्यात कोण आहे आणि त्या व्यक्तीने नेमकी कशाला संमती दिली, याची नोंद मी फाइलसोबत देते." यातलं पहिलं वाक्य कौशल्याचं आहे: वेगवेगळ्या फोटोंतले भाग जोडून एकच चित्र, म्हणजे कंपोझिट, करणं. ते कौशल्य छायाचित्रणाइतकंच जुनं म्हणता येईल. दुसरं वाक्य बऱ्याच उशिरा आलं. पहिल्या कौशल्याने काही माणसांना जो मनस्ताप दिला, त्यातून ते आलं.

1857 मध्ये ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने इंग्लंडमध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक मोठं चित्र केलं. चांगला आणि वाईट असे आयुष्याचे दोन मार्ग दाखवणारं ते चित्र मँचेस्टरच्या प्रदर्शनात लागलं आणि राणी व्हिक्टोरियाने त्याची प्रत विकत घेतली. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्हमधून मृत्युशय्येवरच्या मुलीचं दृश्य रचलं. दोघांची पद्धत आजच्या कंपोझिटशी मिळतीजुळती होती. आधी मनातली रचना ठरवायची, मग तिच्यात बसेल अशा आकारात आणि उजेडात एकेक आकृती टिपायची, आणि छापताना बाकीचा कागद झाकून एकेक भाग उमटवायचा. रॉबिन्सनच्या चित्राने लोक अस्वस्थ झाले. इतकं खासगी दुःख कॅमेऱ्यापुढे मांडावं का, असं त्यांना वाटलं. पण चित्रातली 'मरणासन्न' मुलगी धडधाकट होती आणि दृश्यासाठी समजून-उमजून बसली होती. या पद्धतीत संमतीचा वेगळा कागद लागत नव्हता, कारण चित्रातलं प्रत्येक माणूस त्या चित्रासाठीच कॅमेऱ्यापुढे आलेलं असे.

हा धागा तुटला तो फोटो एका कामासाठी काढून दुसऱ्याच कामाला वापरला जाऊ लागल्यावर. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲबिगेल रॉबरसन या तरुणीचा चेहरा तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापला गेला. सुमारे 25,000 प्रती निघाल्या आणि त्या दुकानांतून, सार्वजनिक ठिकाणी लागल्या. ओळखीच्या लोकांच्या टोमण्यांनी ती आजारी पडली. 1902 मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने 4 विरुद्ध 3 मतांनी तिच्या विरोधात निकाल दिला. आपल्या चेहऱ्याचा असा वापर रोखण्याचा हक्क कायद्यात नाही, असं बहुमत होतं. लोकांचा संताप इतका झाला की 1903 मध्ये राज्याने कायदा केला: जाहिरात किंवा व्यापारासाठी कुणाचं नाव वा छायाचित्र वापरायचं तर त्या व्यक्तीची लेखी संमती हवी, आणि ती अल्पवयीन असेल तर पालकांची. आज स्टुडिओत सही घेतली जाते त्या मॉडेल रिलीजची, म्हणजे फोटो वापरण्याच्या संमतीपत्राची, मुळं शोधायची तर इथे यावं लागतं.

त्या कायद्याने वापराचा प्रश्न हाताळला. फोटो बदलण्याचा, एकाचं दुसऱ्याला जोडण्याचा प्रश्न पुढे 1989 मध्ये ठळकपणे समोर आला. त्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या 'टीव्ही गाइड' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ओप्रा विन्फ्री झळकदार गाऊनमध्ये दिसल्या. शरीर मात्र अभिनेत्री ॲन-मार्ग्रेट यांचं होतं, 1979 च्या एका प्रसिद्धी-छायाचित्रातून घेतलेलं. परवानगी दोघींचीही नव्हती. चोरी पकडली गेली ती गाऊनमुळे; ॲन-मार्ग्रेट यांच्या वेशभूषाकाराने आपलं काम ओळखलं. रेफरन्सवरून केलेल्या कंपोझिटचं याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. मूळ फोटोसाठी ॲन-मार्ग्रेट राजीखुशीने उभ्या राहिल्या होत्या आणि तो प्रसिद्धीसाठीच होता. आपल्या धडावर दुसरीचं डोकं बसेल, याला मात्र त्या कधीच हो म्हणाल्या नव्हत्या.

म्हणून जाणकार माणूस संमतीचे तीन भाग करतो: फोटो काढायची, तो अमुक ठिकाणी वापरायची, आणि त्यात अमुक बदल करायची. तिसरा भाग अजूनही सर्वात जास्त गाळला जातो. 2003 मध्ये केट विन्स्लेट यांनी एका ब्रिटिश मासिकाच्या मुखपृष्ठाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली, ती याच कारणाने. फोटोसाठी त्या स्वतः उभ्या होत्या, मुखपृष्ठावर येणार हेही ठाऊक होतं. त्यांना बारीक दाखवणारा बदल मात्र त्यांनी मान्य केलेला नव्हता.

दरम्यान हत्यारं बदलली. 1990 मध्ये फोटोशॉप बाजारात आलं, पण सुरुवातीला चिकटवलेला भाग एकदा खालच्या चित्रात मिसळला की पुन्हा सुटा करता येत नसे. 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले आणि प्रत्येक माणूस, प्रत्येक सावली वेगळ्या थरावर ठेवता येऊ लागली. संमतीच्या दृष्टीने मला हा बदल फार मोलाचा वाटतो. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याची मुभा आहे, आणि ती मागे घेणं संमती देण्याइतकंच सोपं असावं असं म्हटलं आहे. घरगुती, खासगी वापर या कायद्याबाहेर राहतो, पण व्यावसायिक काम करणाऱ्याला याचा विचार करावाच लागतो. लेयर सुटे ठेवून त्यांना नीट नावं दिली असतील, तर एका व्यक्तीला चित्रातून काढणं तासाभराचं काम असतं. सगळं एकजीव करून जुनी फाइल पुसली असेल, तर चित्र नव्याने करण्यावाचून गत्यंतर नसतं.

आपल्याकडच्या स्टुडिओंना हे काम नवं नाही. लग्नाच्या ग्रुप फोटोतून आजोबांचा चेहरा उचलायचा, अंगावर कोट आणि डोक्यावर टोपी रंगवायची आणि हार घालण्याजोगी तसबीर करून द्यायची, हे गावोगावी चाललं आहे. आता मागणी येते ती समारंभाला येऊ न शकलेल्या माणसाला फोटोत आणण्याची. समजा, मंडपातला ग्रुप फोटो आहे, कॅमेरा छातीच्या उंचीवर आणि चार मीटर लांब होता, उजेड डावीकडून. परदेशातल्या भावाने हातभर अंतरावरून काढलेला सेल्फी पाठवला, तर तो चालणार नाही. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात, आणि रंग कितीही जुळवले तरी ती ठेवण बदलत नाही. त्याला सांगावं लागतं की कुणाला तरी चार मीटरवरून, छातीच्या उंचीवरून फोटो काढायला सांग आणि खिडकी फोटोच्या डाव्या बाजूला राहील असा उभा राहा. मग जुळणी तपासायची: नाकाची आणि हनुवटीखालची सावली शेजाऱ्यासारखी पडते का, डोळ्यांतली चमक त्याच बाजूला आहे का, पाय टेकतात तिथे गडद सावली आहे का. शेवटी चित्र दुप्पट मोठं करून त्याच्या गालावर दिसणारे फोटोचे कण शेजाऱ्याच्या गालावरच्या कणांसारखेच भरड दिसतात का, ते पाहायचं. गुळगुळीत चेहरा लगेच उपरा वाटतो.

भावाला फोटो मागतानाच तो कुठल्या चित्रात बसणार, ते चित्र घरातच राहणार की स्टुडिओच्या जाहिरातीत जाणार, हे विचारून लेखी उत्तर घ्यायचं. ग्रुप फोटोतल्या बाकीच्यांनाही सांगावं लागतं, कारण त्यांच्या शेजारी नसलेला माणूस उभा राहणार असतो. मूळ फोटोच्या हक्कांचा प्रश्नही आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, सहसा फोटो काढवून घेणारा असतो. पण लग्नाच्या फोटोंबाबत करारात वेगळं लिहिलेलं असू शकतं, म्हणून करार वाचायचाच.

अर्ज वाचताना मी सर्वात आधी सोबतचे 'आधी आणि नंतर' नमुने पाहते. 'नंतर'चं चित्र ग्राहकाने मान्य केलेलं असतं. 'आधी'च्या चित्रात मात्र सुरकुत्या, डाग, फाटलेला कोपरा, जोडण्याआधीचा एकटा माणूस, सगळं उघडं असतं, आणि ते परक्या कंपनीला दाखवायची परवानगी क्वचितच कुणी मागितलेली असते. नीट काम करणारी अर्जदार प्रत्येक नमुन्याखाली एक ओळ लिहिते: नमुना म्हणून दाखवण्याची संमती कुणाकडून, कोणत्या तारखेला घेतली. जिथे ती मिळाली नाही, तिथे ती स्वतःचा किंवा घरच्या राजी माणसाचा फोटो घेऊन तोच प्रयोग नव्याने करून दाखवते.