मीठ कोणते आणावे? आयोडीन, सोडियम आणि पोटॅशियमचा हिशेब

सैंधव, जाडे समुद्री मीठ आणि पुडीतले बारीक आयोडीनयुक्त मीठ या तिन्हींत सोडियम जवळपास सारखेच असते. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि त्यात वजनाने सुमारे ३९ टक्के सोडियम. सैंधव गुलाबी दिसते ते लोहाच्या संयुगांमुळे, पण तेही ९५ टक्क्यांहून अधिक सोडियम क्लोराइडच असते. त्यातले लोह आणि मॅग्नेशियम इतके थोडे, की दिवसभराच्या मिठातून जेवढे मिळेल त्याहून जास्त ज्वारीच्या एका भाकरीतून मिळते. रक्तदाब आहे म्हणून सैंधव आणले, तर रक्तदाबाच्या बाबतीत काहीच बदलत नाही. जाड खड्यांमध्ये पोकळी राहते, त्यामुळे एका चमच्यात मीठ कमी मावते आणि पदार्थ अळणी लागतो. मग आपण आणखी थोडे घालतो आणि हिशेब होता तिथेच येतो.

फरक पडतो तो आयोडीनमध्ये. समुद्राचे मीठ म्हणजे त्यात आयोडीन असणारच, अशी समजूत सर्रास आढळते. एक लिटर समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि साधारण ६० मायक्रोग्रॅम आयोडीन असते. सगळेच्या सगळे मिठात उतरले असे धरले, तरी ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमसुद्धा होत नाहीत. प्रत्यक्षात मिठागरात मीठ धरते तेव्हा आयोडीन बहुतांशी उरलेल्या पाण्यातच राहते. दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात मात्र ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असावे लागते. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागते, गरोदर बाईला २५०, कारण पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ आयोडीनपासून बनणाऱ्या थायरॉइडच्या संप्रेरकावर अवलंबून असते. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून झालेल्या अभ्यासात आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाचे प्रमाण घटल्याचे दिसले, आणि त्या आधारावर १९६२ मध्ये देशभराचा कार्यक्रम सुरू झाला.

आता चार माणसांचे घर घेऊ, जिथे एक किलोची पुडी महिनाभर पुरते. १००० ग्रॅमला चार माणसे आणि तीस दिवसांनी भागले, तर माणशी दिवसाला सव्वाआठ ग्रॅमच्या आसपास येते. लोणचे, पापड, फरसाण, बाहेरचे खाणे यातले मीठ वेगळे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा सगळे धरून ५ ग्रॅमच्या आत आहे. म्हणजे घरची पुडी किमान पन्नास दिवस चालली पाहिजे. पुडी फोडली की बरणीवर तारीख लिहावी. घरात मीठ किती जाते हे कळायला यापेक्षा सोपा उपाय नाही.

मीठ कमी केले की आयोडीनही कमी होते, म्हणून ते टिकवण्याकडे लक्ष द्यावे लागते. आपल्याकडे मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात. ते बऱ्यापैकी टिकाऊ आहे, पण ओल आणि उष्णता यांनी घटते. शेगडीशेजारचे उघडे भांडे ही सर्वांत वाईट जागा. घट्ट झाकणाची बरणी, कोरडा चमचा, आणि आमटी-भाजीत मीठ शेवटी, एवढे पुरे. उपवासाच्या दिवशी सैंधव वापरल्याने बिघडत नाही. वर्षभर तेच वापरले आणि खाण्यात दूध, अंडी, मासेही फारसे नसले, तर कमतरता होऊ शकते.

कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घालतात. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचे मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. भाग घेणारे बहुतेक पूर्वी पक्षाघात झालेले किंवा रक्तदाब असलेले वयस्क लोक होते. पुडीवर ‘१५ टक्के कमी सोडियम’ असेल, तर दिवसाच्या ८ ग्रॅम मिठात साधारण १.२ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम येते. धडधाकट मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते. प्रमाण ३० टक्क्यांच्या वर गेले की बऱ्याच जणांना जिभेवर कडवट चव जाणवते. ‘कमी सोडियम आहे’ म्हणून दुप्पट घातले, तर फायदा संपलाच.

धोका आहे तो ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर जात नाही त्यांना. मूत्रपिंडाचा विकार असलेले, तसेच टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे घेणारे यात येतात. रक्तातले पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि आधी काही लक्षण दिसेलच असे नाही. घरातल्या आजोबांना रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू असेल, तर अशी पुडी आणण्याआधी क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून डॉक्टरांना विचारावे, कारण आमटी सगळ्यांना एकाच पातेल्यातली मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये या मिठाची शिफारस केली, तीही लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण वगळून. अशा घरात नेहमीचे आयोडीनयुक्त मीठच ठेवावे आणि पुडी पन्नास दिवस पुरवावी. कमी सोडियमचे घ्यायचे ठरले, तर पुडीवर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आहे का, तेही पाहून घ्यावे.