‘पण’ नव्हे, तर ‘सिनो’: दोन स्पॅनिश शब्दांची पार्श्वभूमी

‘तो डॉक्टर नाही, तर वकील आहे’ असं आपण म्हणतो. इथे ‘पण’ घातला की वाक्याचा अर्थ बदलतो. स्पॅनिशमध्येही ही दोन कामं दोन शब्दांकडे आहेत. आधीचं खोडून त्या जागी दुसरं ठेवायचं असेल तर सिनो, आधीचं मान्य करून पुढे मुरड घालायची असेल तर पेरो. इंग्रजी आणि फ्रेंच मात्र दोन्हीकडे एकच शब्द वापरतात. म्हणून इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिश शिकणारा मराठी माणूस जिथे त्याची स्वतःची भाषा त्याला बरोबर उत्तर देत असते, नेमका तिथेच चुकतो.

पेरोचं मूळ लॅटिनमधल्या ‘पेर होक’मध्ये आहे. त्याचा अर्थ ‘यामुळे’. ‘यामुळे’चा ‘पण’ कसा झाला? याचं कारण नकाराची सोबत. मराठीत पाहा: ‘पाऊस होता, म्हणून काही तो थांबला नाही.’ इथे ‘म्हणून’ असला तरी ऐकणाऱ्याला कळतं ते ‘तरीही थांबला नाही’. अशा नकारी वाक्यांत राहून राहून ‘पेर होक’ला विरोधाचा अर्थ चिकटला आणि पुढे नकार नसतानाही तो टिकला. इटालियनमधल्या पेरोचीही हीच कहाणी.

सिनोचा जन्म उघड दिसतो: सि म्हणजे ‘जर’, नो म्हणजे ‘नाही’. जुन्या स्पॅनिशमध्ये ते ‘सि नोन’ होतं आणि अर्थ ‘नसेल तर’, त्यातून ‘वाचून, शिवाय’. तो थर अजून जिवंत आहे: ‘नो आसे सिनो योरार’ म्हणजे ‘रडण्याशिवाय काही करत नाही’. ‘याशिवाय दुसरं नाही’ आणि ‘ते नाही, तर हे’ यांत अंतर फारसं नाही. सिनोने ते ओलांडलं. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये ‘मास’ हा शब्द ‘पण’ आणि ‘नाही, तर’ ही दोन्ही कामं करू शकत असे. त्याचं एक काम सिनोने घेतलं, दुसरं पेरोने. आज मास मुख्यतः लिखित आणि साहित्यिक भाषेत उरला आहे.

मराठीतलं ‘नाही’ आणि ‘तर’ यांचं नातंही असंच आहे. ‘लवकर ये, नाहीतर मी जाईन’ यातलं ‘नाहीतर’ म्हणजे स्पॅनिशमध्ये दोन सुट्या शब्दांत लिहिलेलं ‘सि नो’. ‘वकील नाही, तर डॉक्टर’ यातलं ‘तर’ म्हणजे जोडून लिहिलेलं सिनो. स्पॅनिश माणसंही लिहिताना इथे घोटाळा करतात. उच्चारात फरक आहे: सुट्या ‘सि नो’मधल्या ‘नो’वर आघात येतो, जोडलेला सिनो आघाताविना निघून जातो.

आता एकच जोडी नीट पाहू. ‘नो एस मेदिको, सिनो आबोगादो’: तो डॉक्टर नाही, तर वकील. ‘नो एस मेदिको, पेरो एस आबोगादो’ हेही शुद्ध आहे, पण प्रसंग वेगळा. समजा एखाद्या कागदावर डॉक्टरची किंवा वकिलाची सही चालते. ‘डॉक्टर नाही, पण वकील आहे ना, मग काम होईल’ असं इथे म्हणायचं आहे. ‘नो एस मेदिको, पेरो आबोगादो’ हे मात्र ऐकणाऱ्याला खटकतं. पेरोनंतर नवं विधान येतं, म्हणून ‘एस’ हे क्रियापद पुन्हा लागतं. सिनो फक्त चुकीचा तुकडा बदलतो, म्हणून लागत नाही. याला एक पळवाट आहे: ‘नो तेंगो कोचे, पेरो सी मोतो’, म्हणजे गाडी नाही, मोटरसायकल मात्र आहे. इथे क्रियापदाचं काम ‘सी’ भागवतो, आपल्या ‘मात्र आहे’सारखा.

तुकडा बदलायचा तर तो पूर्ण बदलावा लागतो. ‘नो बोय आ माद्रिद, सिनो आ तोलेदो’ यात ‘आ’ दुसऱ्यांदा गाळला की वाक्य लंगडतं. आपणही ‘माद्रिदला नाही, तर तोलेदोला’ म्हणताना ‘ला’ पुन्हा लावतोच. आणि बदललेला तुकडा म्हणजे काळ-पुरुष दाखवणारं क्रियापदच असेल तर सिनोपुढे ‘के’ हवा: ‘नो सालियो, सिनो के से केदो एन कासा’, तो बाहेर पडला नाही, तर घरीच राहिला. हा ‘के’ सर्वांत जास्त वेळा विसरला जातो, कारण मराठीतला ‘तर’ नामापुढे आणि क्रियापदापुढे सारखाच राहतो. मूळ रूपातल्या क्रियापदाला तो लागत नाही: ‘नो किएरो सालीर, सिनो दोर्मीर’, मला बाहेर जायचं नाही, तर झोपायचंय.

सिनोला आधी नकार हवाच. क्रम उलटला, ‘वकील आहे, डॉक्टर नाही’ असं म्हणायचं झालं, तर जोडशब्दाची गरजच नाही: ‘एस आबोगादो, नो मेदिको’.