जन्मठेप म्हणजे 14 वर्षं, हे आलं कुठून?

परवा सदाशिव पेठेत चहाच्या टपरीवर एक काका ठामपणे म्हणाले, "जन्मठेप म्हणजे 14 वर्षं, मग सुटला." बाजूचा म्हणाला नाही हो, 20. मला खरंतर हसूच आलं, कारण हा वाद पुण्याच्याच एका माणसाने सुप्रीम कोर्टात नेला होता आणि तो हरला होता.

गोपाळ गोडसे, खडकीच्या लष्करी डेपोत नोकरीला असलेला. गांधीहत्येच्या खटल्यात 10 फेब्रुवारी 1949 ला शिक्षा झाली, तीही जन्मभर काळ्या पाण्याची. प्रत्यक्षात अंदमानला कोणी नेलं नाही, 1950 पासून तो नाशिकरोड जेलमध्ये होता. जेलमध्ये नीट वागलं, काम केलं, की माफीचे दिवस जमा होतात, त्यालाच रिमिशन म्हणतात. सप्टेंबर 1960 अखेर याच्या खात्यावर 2893 दिवस होते, म्हणजे जवळपास 8 वर्षं, आणि त्यातले 1380 एकट्या राज्य सरकारने दिलेले. भोगलेली साडेअकरा वर्षं अधिक हे, म्हणजे 20 च्या घरात, मग सोडा की मला, असा त्याचा अर्ज.

हे 20 आलं कुठून, तर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 57 मधून. पण ते कलम फक्त अपूर्णांकासाठी होतं. समजा एखाद्या गुन्ह्याच्या प्रयत्नाला मूळ शिक्षेच्या निम्मी शिक्षा द्यायचीय आणि मूळ शिक्षा जन्मठेप आहे, तर आयुष्याचं निम्मं कसं काढणार? म्हणून हिशोबापुरतं 20 धरायचं आणि निम्मे 10. एवढंच त्याचं काम.

जानेवारी 1961 मध्ये कोर्टाने हेच सांगितलं. 10 वर्षांची सजा असेल तर शेवटची तारीख ठरलेली असते, माफीचे दिवस त्यातून वजा केले की सुटकेचा दिवस निघतो, मग जेलवाल्यांना सोडावंच लागतं. जन्मठेपेला शेवटची तारीखच नाही, मरेपर्यंत, तर वजा करणार कशातून? दिवस कितीही साठले तरी सरकारने उरलेली सजा माफ केल्याचा वेगळा आदेश काढला तरच सुटका. गोडसेची झाली ती ऑक्टोबर 1964 मध्ये, सरकारने सोडलं म्हणून.

आणि काकांचे 14? ते डिसेंबर 1978 पासून, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 433-अ घातलं तेव्हापासूनचे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली, किंवा फाशीची जन्मठेप झाली, तर माफीचे दिवस न धरता 14 वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारलाही सोडता येत नाही. म्हणजे लोक ज्याला कमाल समजतात ती किमान आहे!

2008 पासून तर सुप्रीम कोर्ट काही केसेसमध्ये फाशी टाळून ठराविक वर्षं, किंवा मरेपर्यंत, माफीशिवाय असंही निकालातच लिहितं. अशा माणसासाठी 14 चा हिशोब काढूच नये, अपवाद फक्त राष्ट्रपती किंवा राज्यपालांच्या दयेच्या अधिकाराचा.