दोनशे सिटअप्स, तरी पोट तिथंच

"दोन महिने झाले, रोज रंकाळ्यावर दोनशे सिटअप्स मारतोय, तरी पोट हलंना. चुकतंय कुठं?"

सिटअप्सनं पोटाचा स्नायू बळकट होतो, पण वरची चरबी थेट त्याच्या ताटात पडत नाही. चरबीचा साठा आधी फुटून रक्तात उतरतो आणि अंगभर फिरतो. कुठला साठा आधी उतरणार, हे मुख्यतः संप्रेरकं आणि आनुवंशिकता ठरवतात.

१९७१ साली कॅलिफोर्नियात टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले. खेळायचा हात भरलेला, पण कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्हीकडं सारखीच. (वर्षानुवर्षं एकाच हातानं रॅकेट फिरवून!)

पोट आवळून बघा: चिमटीत येते ती चरबी, खाली टणक लागतो तो स्नायू. चिमूट कमी व्हायला खाण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा अंगाचा ऊर्जेचा खर्च जास्त लागतो; रविवारी तांबड्या रश्श्याबरोबर किती भाकऱ्या जातात, तेही त्यात मोजा.