वर्गमूळालाच चल मानण्याची रीत: पॅरिसपासून पीटर्सबर्गपर्यंत

√(x+4)/x याचं समाकलन आज बारावीच्या वहीत चार ओळींत संपतं. वर्गमूळालाच u म्हणायचं, x ची जागा u²−4 ला द्यायची, की मूळ नाहीसं होतं आणि उरतो साधा परिमेय अपूर्णांक. रीत इतकी सरळ की ती कुणाला शोधावी लागली असेल असं वाटतच नाही. पण ही अर्धीच रीत आहे. मूळ घालवल्यावर जो परिमेय अपूर्णांक हाती येतो त्याचं काय करायचं, हे ठरायला बराच काळ गेला, आणि त्या वाटेवर खुद्द लायब्निझ एकदा अडखळला.

मूळ घालवण्याची कल्पना लायब्निझने १६७३ च्या सुमारास पॅरिसमध्ये वर्तुळाच्या क्षेत्रफळासाठी वापरली. १ त्रिज्येच्या वर्तुळासाठी y = √(2x−x²). या मुळाशी झगडत बसण्याऐवजी त्याने स्पर्शिकेवरून z ही नवी राशी घेतली आणि x = 2z²/(1+z²) असं मिळवलं. मूळ गेलं, भागाकाराने श्रेणी निघाली आणि तिच्यातून π/4 = 1 − 1/3 + 1/5 − … हे सूत्र हाती आलं. ते त्याने १६८२ मध्ये छापलं. वर्तुळावरचा प्रत्येक बिंदू एका चलाच्या परिमेय राशींत मांडता येतो, हे या युक्तीचं मर्म. मुळाखाली एकघाती राशी असेल तर काम आणखी सोपं होतं. y² = ax+b हा अन्वस्त आहे, आणि त्यावरच्या बिंदूचा x सहनिर्देशक y वरूनच मिळतो: x = (y²−b)/a. नवं चल शोधायलाच नको, वर्गमूळ हेच ते चल.

आता दुसरा अर्धा भाग. परिमेय अपूर्णांक आंशिक अपूर्णांकांत फोडून समाकलन करण्याची पद्धत योहान बर्नुली आणि लायब्निझ यांनी १७०२ मध्ये, जवळपास एकाच वेळी, मांडली. छेदाचे अवयव पाडले की प्रत्येक तुकड्याचं उत्तर परिमेय राशी, लॉग किंवा टॅन इन्व्हर्स यांतच येतं. पण सगळेच छेद असे फुटतात का? लायब्निझला 1/(x⁴+a⁴) वर शंका आली. याचं उत्तर लॉग आणि वर्तुळाच्या कंसांत बसणार नाही, असं त्याचं मत झालं. त्याने अवयव पाडले ते काल्पनिक संख्यांचे, आणि त्यांच्या योग्य जोड्या लावल्या तर वास्तव सहगुणकांचे दोन द्विघाती अवयव मिळतात हे त्याच्या नजरेतून सुटलं:

x⁴+a⁴ = (x²+√2·ax+a²)(x²−√2·ax+a²)

निकोलस बर्नुलीने १७१९ मध्ये हे अवयव दाखवले, तेव्हा लायब्निझ जाऊन तीन वर्षं झाली होती. आपल्या विषयाशी याचा संबंध थेट आहे. 1/((x²+1)√x) चं समाकलन करायला u = √x घ्या. dx = 2u du, म्हणून उरतं ते 2/(u⁴+1), म्हणजे लायब्निझ जिथे थांबला नेमका तोच अपूर्णांक. प्रतियोजन बिनचूक केलं तरी अवयवांची गोष्ट माहीत नसेल तर पुढे रस्ता नाही.

या दोन्ही भागांना एका शिस्तीत बसवलं ऑयलरने. पीटर्सबर्गहून १७६८ मध्ये निघालेल्या त्याच्या समाकलनावरच्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात आधी परिमेय राशींचं प्रकरण येतं आणि लगेच पुढे अपरिमेय राशींचं. हा क्रमच खूप काही सांगतो: दुसऱ्या प्रकरणातल्या प्रश्नाला पहिल्या प्रकरणात नेऊन सोडायचं, बाकी काम तिथे होतं.

सुरुवातीचं उदाहरण याच क्रमाने करून पाहू. u = √(x+4), x = u²−4, dx = 2u du. त्यामुळे

∫ √(x+4)/x dx = ∫ 2u²/(u²−4) du

अंशाची घात छेदाइतकीच आहे, म्हणून आधी भागाकार: 2u²/(u²−4) = 2 + 8/(u²−4). मग 8/(u²−4) = 2/(u−2) − 2/(u+2). उत्तर:

2√(x+4) + 2 ln|(√(x+4)−2)/(√(x+4)+2)| + C

चुका होतात त्या तीन ठिकाणी, आणि तिन्ही ओळखता येतात. सर्वांत नेहमीची म्हणजे dx ऐवजी नुसतं du लिहिणं. मग u/(u²−4) उरतं, उत्तर येतं ½ ln|x|. त्याचं अवकलन केलं तर 1/(2x) मिळतं आणि मूळ कुठेच दिसत नाही, तिथेच चोरी पकडली जाते. दुसरी चूक भागाकार टाळण्याची. सरळ आंशिक अपूर्णांक पाडले तरी सहगुणक 2 आणि −2 असेच बरोबर येतात, म्हणून ही चूक फसवी आहे. u = 0 घालून पाहावं: मूळ अपूर्णांक 0 देतो, तर तुकड्यांची बेरीज −1−1 = −2. जे 2 कमी पडलं, त्याचंच समाकलन उत्तरातून गळालेलं 2√(x+4).

तिसरी चूक सीमांची. x = 5 ते x = 12 घ्या. u च्या सीमा होतात 3 आणि 4, आणि किंमत येते 2 + 2 ln(5/3), सुमारे ३.०२. सीमा न बदलता u मध्ये 5 आणि 12 घातले तर 14 + 2 ln(5/3), म्हणजे सुमारे १५.०२ येतं. इथे लॉगचा भाग योगायोगाने तोच येतो, त्यामुळे उत्तर ओळखीचं वाटतं. पण या पट्ट्यात √(x+4)/x कुठेही 0.6 च्या वर जात नाही आणि पट्ट्याची रुंदी 7 आहे, तेव्हा क्षेत्रफळ ४.२ च्या वर जाऊच शकत नाही.

या रीतीची हद्द कुठे? मुळाखालची राशी एकच एकघाती असेल आणि तिचं वर्गमूळ व घनमूळ दोन्ही आले असतील, तर सहावं मूळ चल घ्यायचं. √x आणि √(x+1) एकत्र आले तरी निभावतं. u = √x घेतल्यावर √(u²+1) उरतं, तो शांकवच असतो, आणि द्विघाती मुळांसाठी ऑयलरची वेगळी प्रतियोजनं आहेत. पण √x, √(x+1) आणि √(x+2) यांचा गुणाकार छेदात आला की मुळाखाली त्रिघाती राशी होते. y² = x(x+1)(x+2) या वक्रावरचे बिंदू एका चलाच्या परिमेय राशींत मांडता येत नाहीत, तेव्हा घालायला u च मिळत नाही. अशा समाकलाचं उत्तर लॉग, टॅन इन्व्हर्स यांसारख्या ओळखीच्या फलांत लिहिताच येत नाही, हे लिऊव्हिलने १८३० च्या दशकात सिद्ध केलं.